अरुंद नळीत पातळ होणारे रक्त : विष्यंदितेच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

रक्तवाहिनीतील प्रवाहाचा पायाभूत म्हणून जो नियम वैद्यकाच्या पहिल्या वर्षी शिकवला जातो, तो मुळात रक्तावर तपासलेलाच नव्हता. झाँ लिओनार मारी प्वाझई या फ्रेंच वैद्याला रक्ताभिसरणातच रस होता. परंतु बाहेर काढलेले रक्त बघता बघता गोठते, आणि गोठण थांबवण्याचे सोयीचे साधन त्या काळी हाताशी नव्हते. म्हणून 1840च्या सुमारास त्याने काचेच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून मुख्यतः ऊर्ध्वपातित पाणी वाहवून मोजमापे घेतली. त्यांतून जे निघाले ते आजही टिकून आहे : नळीच्या दोन टोकांमधील दाब तोच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह सोळा पटींनी घटतो, विष्यंदिता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, दुप्पट झाली, तर तो निम्मा होतो. वाहिनीच्या रुंदीपुढे विष्यंदितेचा वाटा त्यामुळे किरकोळ वाटतो. परंतु हा हिशेब विष्यंदिता हा द्रवाचा स्थिर गुण आहे असे धरून चालतो. पाण्याबाबत ते खरे आहे, रक्ताबाबत नाही. गंमत अशी की, 1830च्या दशकात बेडकांसारख्या प्राण्यांच्या सूक्ष्म वाहिन्या निरखताना, भिंतीलगत तांबड्या पेशींविना वाहणारा रक्तद्रवाचा पातळ थर खुद्द प्वाझईनेच पाहिला होता. त्या थराचा प्रवाहाच्या हिशेबात काय अर्थ होतो, हे उलगडायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली.

ते काम स्वीडनच्या रॉबिन फोरेयस यांचे. त्यांची सुरुवात वाहिन्यांपासून नव्हे, तर प्रथिनांपासून झाली. उभ्या नळीत ठेवलेल्या, न गोठणाऱ्या रक्तातील तांबड्या पेशी गरोदर स्त्रियांच्या बाबतीत लवकर खाली बसतात, असे त्यांना 1918मध्ये आढळले. पुढील तीन वर्षांत त्यांनी दाखवून दिले की, याचे कारण पेशींपेक्षा त्या ज्यात तरंगतात त्या रक्तद्रवात आहे. त्यातील फायब्रिनोजेन आणि काही ग्लोब्युलिने ही प्रथिने वाढली की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना लागून बसतात आणि ही चळत सुट्या पेशीहून झपाट्याने खाली जाते. अल्ब्युमिन या प्रथिनाचा असा परिणाम होत नाही. आपल्याकडील रक्ततपासणीच्या अहवालात आज ‘ईएसआर’ म्हणून जो आकडा असतो, त्याचा पाया हाच. शिरेतून काढलेले रक्त भांड्यात ठेवून वर जमणारी फिकट साय पाहण्याची युरोपीय वैद्यांची जुनी रीत होती. ती साय म्हणजेही पेशी लवकर बसल्याची खूण, हे फोरेयस यांनी आवर्जून मांडले.

ज्या प्रथिनांमुळे पेशी एकत्र येतात, त्यांचा वाहत्या रक्तावर काय परिणाम होतो, हा प्रश्न ओघानेच आला. त्याचा पाठपुरावा करताना फोरेयस काचेच्या सूक्ष्म नळ्यांकडे वळले आणि 1929मध्ये त्यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. नळी जितकी अरुंद, तितके तिच्यातील रक्ताचे हिमॅटोक्रिट, म्हणजे एकूण रक्तात पेशींनी व्यापलेला भाग, कमी भरत होते. मात्र नळीच्या दुसऱ्या टोकाला गोळा झालेल्या रक्ताचे हिमॅटोक्रिट मूळ रक्ताइतकेच होते.

पेशी मधे कुठेही हरवत नाहीत, हे लक्षात घेतले की कोडे सुटते. पेशी नळीच्या मध्यभागी ओढल्या जातात आणि प्रवाह तिथेच सर्वांत वेगवान असतो; भिंतीलगत उरतो तो सावकाश सरकणारा रक्तद्रव. समजा, पेशींचा सरासरी वेग एकूण रक्ताच्या सरासरी वेगाच्या 1.4 पट आहे. मग प्रत्येक पेशी नळीत तेवढाच कमी वेळ राहते आणि 45 टक्के हिमॅटोक्रिटचे रक्त आत शिरत असले, तरी कोणत्याही क्षणी नळीच्या आत सुमारे 32 टक्केच सापडते. पुढे 1931मध्ये फोरेयस आणि टॉर्स्टेन लिंडक्विस्ट यांनी याची दुसरी बाजू मोजली : नळीचा व्यास सुमारे 0.3 मिलिमीटरच्या खाली गेला की रक्ताची मोजलेली विष्यंदिताही उतरू लागते. मोठ्या नळीत रक्त रक्तद्रवाच्या जवळपास तिप्पट विष्यंदी असते, तर सुमारे 7 मायक्रॉन व्यासाच्या नळीत ते रक्तद्रवाहून थोडेसेच दाट ठरते. त्याहून अरुंद जागेत प्रत्येक पेशीला दुमडून जावे लागते आणि विरोध पुन्हा झपाट्याने वाढतो. काचेतील हे आकडे शरीराला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही नोंदवायला हवे. 1990च्या दशकात उंदरांच्या आतड्याच्या पडद्यातील वाहिन्यांमध्ये मोजलेला विरोध काचेच्या नळ्यांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. वाहिनीच्या आतील अस्तरावर जो मऊ शर्करायुक्त थर असतो, तो जागा अडवतो, हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते.

प्रथिने आणि पेशी यांचे वाटे वेगळे करणारा प्रयोग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शू चिएन यांनी 1970मध्ये प्रसिद्ध केला, आणि माझ्या मते या विषयातील तो सर्वांत स्वच्छ प्रयोग आहे. पेशींचे प्रमाण प्रत्येक वेळी 45 टक्के ठेवून त्यांनी तीन मिश्रणे केली : नेहमीच्या पेशी रक्तद्रवात, त्याच पेशी तितक्याच विष्यंदितेच्या अल्ब्युमिनच्या द्रावणात आणि रसायनाने कडक केलेल्या पेशी त्याच द्रावणात. मंद प्रवाहात पहिले मिश्रण दुसऱ्यापेक्षा कितीतरी दाट होते, कारण तिथे फायब्रिनोजेन आणि ग्लोब्युलिने पेशींच्या चळती बांधत होती. वेग वाढवला की चळती सुटत आणि हा फरक मावळत असे. कडक पेशींचे मिश्रण मात्र वेग कितीही वाढवला तरी पातळ झाले नाही. नेहमीच्या रक्ताचे वेगात पातळ होणे हे चळती सुटण्याबरोबरच पेशींच्या लवचीकपणाचेही फळ आहे, असा त्याचा अर्थ होतो.

रक्तद्रवच दाट झाला तर काय होते, हे दाखवणारा आजार यान वाल्डेनस्ट्रोम यांनी 1944मध्ये, फोरेयस ज्या उप्सालात प्राध्यापक होते तिथेच वर्णिला. त्यांच्या दोन रुग्णांना नाकातोंडातून रक्तस्राव होत असे आणि रक्तक्षयही होता. त्यांच्या रक्तात सुमारे दहा लाख रेणुभाराचे अवाढव्य ग्लोब्युलिन सापडले. त्याला आज ‘आयजीएम’ म्हणतात. अशा रुग्णात नजर धूसर होते आणि नेत्रपटलावरील शिरा फुगीर, मधेमधे आवळल्यासारख्या दिसतात. रक्तजलाची, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाची, विष्यंदिता पाण्याच्या तुलनेत एरवी 1.4 ते 1.8 असते, ती 4च्या वर गेली की लक्षणे बहुधा दिसू लागतात.

इथे हिमॅटोक्रिटचा आकडा एकट्याने वाचला तर घात होतो. ढोबळ हिशेब असा : 20 टक्के पेशी रक्ताला रक्तद्रवाच्या 1.6 पट दाट करतात, 30 टक्के पेशी दुप्पट. रक्तद्रवाची विष्यंदिता 4 आणि हिमॅटोक्रिट 20 असलेल्या रुग्णाचे रक्त पाण्याच्या 6.4 पट दाट भरते, म्हणजे निरोगी माणसाच्या साधारण साडेचारहून अधिक. रक्तक्षय दिसतो म्हणून पेशी चढवून हिमॅटोक्रिट 30वर नेले, तर तोच आकडा 8 होतो आणि आधीच अडखळणारा प्रवाह आणखी मंदावतो. उलट, प्लाझ्माबदलाने, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव काढून त्याजागी दुसरा द्रव भरून, रक्तद्रवाची विष्यंदिता 2.5वर आणली, तर पेशींना हात न लावता रक्ताचा आकडा 4वर येतो. शिवाय अशा रुग्णात रक्तद्रवाचे आकारमानच वाढलेले असल्याने हिमोग्लोबिन प्रत्यक्षाहून कमी दिसते. म्हणून लक्षणे असतील तर आधी प्लाझ्मा बदलतात आणि पेशी चढवणे शक्य तेवढे पुढे ढकलतात. आयजीएमचा बहुतांश भाग वाहिन्यांच्या आतच राहत असल्याने एकदोन वेळच्या प्लाझ्माबदलाने लक्षणे ओसरतात. परंतु ते बनवणाऱ्या पेशींवर औषध सुरू केले नाही, तर काही आठवड्यांत पातळी पुन्हा चढते.