तेच दहा सौदे, २१० क्रम

सहा सौद्यांत प्रत्येकी ३ हजारांचा नफा, चार सौद्यांत प्रत्येकी २ हजारांचा तोटा. कुडाळला काजूचा कारखाना सांभाळून शेअर्सचे छोटे सौदे करणाऱ्या माझ्या मावसभावाच्या वहीतला हा हिशेब. समजायला सोपा जावा म्हणून आकडे मी गोल केलेत. भांडवल ४० हजार, निव्वळ कमाई १० हजार. त्याच्या वहीत एकाही तोट्याला लागून दुसरा तोटा नव्हता: नफा, तोटा, नफा, नफा, तोटा, नफा, तोटा, नफा, नफा, तोटा. त्यामुळे खात्याने गाठलेल्या उंचीवरून रक्कम सर्वात खाली आली ती फक्त २ हजारांनी. भांडवलाच्या ५ टक्के. या घसरणीलाच बाजारात ड्रॉडाऊन म्हणतात.

ते ५ टक्के बघून तो सौद्याचा आकार दुप्पट करायला निघाला होता. विचारायला आला तेव्हा त्याचा प्रश्न एवढाच होता: ‘दादा, खड्डो किती खोल पडतलो?’

वहीत दिसणारा २ हजारांचा खड्डा या प्रश्नाचं उत्तर नाही. तो फक्त एका क्रमाचा खड्डा आहे. कुठला सौदा नफ्यात जाणार, कुठला तोट्यात, हे त्याच्या पद्धतीच्या हातात काही प्रमाणात होतं. पण ते चार तोटे सुटे सुटे आले हा बराचसा योगायोग. हेच दहा निकाल वेगळ्या क्रमाने आले असते तर? बेरीज तीच राहिली असती, शेवटी १० हजारच मिळाले असते. वाट मात्र बदलली असती, आणि ड्रॉडाऊन ठरतो तो वाटेवर.

दहा जागांपैकी चार जागी तोटे बसवायचे २१० प्रकार होतात. एवढे तर कागदावरही मोजता येतात, म्हणून आम्ही बसून मोजले. मोजायचा नियम सरळ आहे. प्रत्येक सौद्यानंतर एकूण रक्कम मांडायची, आतापर्यंतची सर्वात मोठी रक्कम बाजूला लिहायची, दोघींमधला फरक बघायचा. त्या फरकांपैकी सर्वात मोठा तो ड्रॉडाऊन.

दोन तोटे कुठेच शेजारी नाहीत, असे क्रम फक्त ३५ निघाले. म्हणजे वहीत दिसलेला २ हजारांचा ड्रॉडाऊन सहातून एकदाच येतो, आणि त्याहून कमी तर येऊच शकत नाही. भावाच्या वाट्याला चक्क सर्वात सौम्य वाट आली होती. १२० क्रमांत खड्डा ४ हजारांचा होतो. सहा क्रमांत तो ५ हजारांचा: दोन तोटे, मध्ये एकच नफा, पुन्हा दोन तोटे. मधला नफा ३ हजारांचा, त्यामुळे आधीचा ४ हजारांचा खड्डा पुरता भरत नाही आणि नवे तोटे उरलेल्या एक हजाराच्या खड्ड्यावर चढतात. मला हे सहा क्रम फार बोलके वाटतात, कारण नुसते ‘सलग किती तोटे’ मोजणाऱ्याला ते दिसतच नाहीत. पुढे ४२ क्रमांत तीन तोटे सलग येऊन ६ हजार, आणि सात क्रमांत चारही तोटे ओळीने येऊन ८ हजार.

आता प्रश्नाला उत्तर देता येतं. निम्म्याहून जास्त वेळा खड्डा ४ हजारांचा. शंभरातल्या साधारण ९७ वेळा तो ६ हजारांच्या आत राहतो. ६ हजार म्हणजे भांडवलाच्या १५ टक्के, वहीत दिसलेल्या ड्रॉडाऊनच्या तिप्पट. आकार दुप्पट केला तर तेच ३० टक्के, आणि ३० टक्के गेलेलं भांडवल पूर्ववत व्हायला उरलेल्या रकमेवर ४३ टक्के कमवावे लागतात.

खऱ्या वहीत सौदे शे-दोनशे असतात. शंभर सौद्यांत चाळीस तोटे असतील तर क्रमांची संख्या २९ आकडी होते. सगळे मोजणं अशक्य, म्हणून संगणकाकडून काही हजार क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढून घेतात. १९४६ मध्ये आजारातून उठत असताना एकट्याने पत्त्यांचा डाव खेळणाऱ्या स्टॅनिस्लॉ उलाम या गणितज्ञाला हेच सुचलं: डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा बरेच डाव खेळून सुटलेले मोजावेत. पुढे या रीतीला मोनॅकोतल्या जुगारघरावरून माँटे कार्लो हे नाव पडलं. आपल्या दहा सौद्यांसाठी पायथनमध्ये ती एवढीशीच आहे:

```python
import random

trades = [3, -2, 3, 3, -2, 3, -2, 3, 3, -2]

def max_dd(order):
    total = peak = worst = 0
    for t in order:
        total += t
        peak = max(peak, total)
        worst = max(worst, peak - total)
    return worst

runs = sorted(max_dd(random.sample(trades, len(trades)))
              for _ in range(10000))
print(runs[4999], runs[9499])
```

शेवटच्या ओळीत दोन आकडे येतात: मधला, आणि ९५ टक्के क्रम ज्याच्या आत राहतात तो. इथे `4 6` येतं, कागदावरच्या मोजणीशी जुळणारं.

या रीतीचा पाया एका गृहीतकावर आहे: एका सौद्याचा निकाल पुढच्या सौद्याला बांधलेला नाही. ते खोटं असेल तर पिसणं आपल्याला खोटा दिलासा देतं. कोकणातल्या पावसाचंच घ्या. जुलैच्या एकतीस दिवसांचे आकडे पिसून पुन्हा मांडले तर मुसळधार दिवस महिनाभर विखुरतील, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं तशी वेळ त्या मांडणीत क्वचितच दिसेल, कारण पाऊस झडीने पडतो आणि पिसताना झडच मोडते. सौद्यांचंही तसं होतं. भाव वरची पातळी तोडून गेला की विकत घेणारी पद्धत असेल, तर बाजार आठवडेच्या आठवडे एकाच पट्ट्यात घुटमळतो तेव्हा तिचे तोटे एकामागून एक लागतात.

हे ओळखायचं कसं? प्रत्येक तोट्यानंतरचा सौदा काय झाला ते मोजायचं. एकूण तोटे ४० टक्के असतील आणि शंभर तोट्यांनंतर पुढचा सौदाही साधारण चाळीस वेळाच तोट्यात गेला असेल, तर पिसायला हरकत नाही. तो आकडा पंचावन्न-साठवर गेला तर तोटे गटाने येतायत. मग सुटे सौदे न पिसता पाच-पाच किंवा दहा-दहा सौद्यांचे सलग तुकडे पिसायचे, म्हणजे तुकड्याच्या आतली झड शाबूत राहते. यासाठी वहीत निदान काही शे सौदे हवेत. दहावर हे कळत नाही, आणि भावाला मी तसं स्पष्ट सांगितलं.

दुसरी मर्यादा मला जास्त गंभीर वाटते. नुसता क्रम बदलला की तोटे नेमके चारच राहतात, कमाई १० हजारच राहते. पुढच्या दहा सौद्यांनी चारच तोटे द्यावेत असं कुठे आहे? म्हणून दुसऱ्या रीतीत चिठ्ठी काढली की ती परत डब्यात टाकतात, मग पुढची काढतात. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं बूटस्ट्रॅप ते हेच. तोट्याची शक्यता खरोखर ४० टक्केच धरली तरी दहांत सहा किंवा जास्त तोटे येण्याची शक्यता जवळपास १७ टक्के निघते, आणि सहा तोटे आले की १२ हजार मिळून १२ हजार जातात. हाती शून्य. पहिल्या रीतीत हा प्रसंग उद्भवतच नाही. दोन्ही रीतींना वहीत कधीच न आलेला तोटा मात्र दिसत नाही. रात्रीतून बातमी येऊन शेअर सकाळी स्टॉपलॉसच्या, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवून ठेवलेल्या विक्रीच्या भावाच्या, खूप खालीच उघडला, तर तो आकडा मुळात डब्यातच नसतो.

भावाने आकार आहे तेवढाच ठेवला आणि वहीच्या कव्हरवर ‘६०००’ लिहिलं: तिथपर्यंतची घसरण नशिबाच्या खात्यात, त्यापलीकडे गेली तर सौदे थांबवून पद्धत तपासायची. त्यावर मी एक दुरुस्ती करायला लावली. हा आकडा दहा सौद्यांचा आहे. सौदे वाढत गेले की सर्वात मोठा खड्डाही खोल होत जातो, तेव्हा वर्षाच्या शंभर सौद्यांसाठी तो शंभर सौद्यांवरच काढावा लागेल, आणि तो ६ हजारांहून मोठा येईल.