फोनवरची तोंडी संमती : सहीपासून आवाजापर्यंत

नोकरी-मजुरी करणाऱ्या प्रौढांची फोनवरून सर्वेक्षणे होतात, तेव्हा पहिल्या प्रश्नाच्या आधी संमतीचे एक निवेदन वाचून दाखवले जाते. एक-दीड मिनिटाचा हा मजकूर संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीने शब्दशः मंजूर केलेला असतो, त्यामुळे फोन करणाऱ्याला तो आपल्या मनाने आखडता घेता येत नाही किंवा रंगवूनही सांगता येत नाही. ऐकणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटतो. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे एखादा जुना वाद किंवा जुनी अडचण आहे.

सुरुवात वैद्यकीय प्रयोगांपासून होते. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेच्या दहा कलमांपैकी पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे होते; १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने ते डॉक्टरांच्या संशोधनाला लागू केले. या दोन्ही ठिकाणी धोका शरीराला होता. सर्वेक्षणातला धोका निराळा असतो: सांगितलेली गोष्ट नको त्या कानावर जाण्याचा. अशा वेळी सहीचा कागद रक्षण करण्याऐवजी घातही करू शकतो, कारण अमुक माणूस या अभ्यासात होता याचा पुरावा कित्येकदा तो कागदच असतो. अमेरिकेत १९७९ च्या बेलमाँट अहवालाने संमतीचे तीन घटक सांगितले, माहिती देणे, ती समजणे आणि दबाव नसणे. त्यानंतर १९८१ मध्ये आलेल्या तेथील नियमांनी सहीतून सूट देण्याची वाट ठेवली. धोका अगदी किरकोळ असेल, किंवा माणसाचे नाव अभ्यासाशी जोडणारा एकमेव दस्तऐवज सहीचा कागदच असेल आणि मुख्य भीती गुप्तता फुटण्याची असेल, तर समिती सही माफ करू शकते. माफी सहीची असते, संमतीची नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते. पुढच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्याने होतात.

त्याच सुमारास, १९७८ मध्ये, अमेरिकेतील सर्वेक्षण-संशोधक एलिनॉर सिंगर यांनी प्रत्यक्ष मुलाखतींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी किती माहिती दिली, यामुळे नकारांत फारसा फरक पडला नाही. सही मागितल्यावर मात्र प्रतिसाद स्पष्टपणे घटला. सही नाकारणाऱ्यांपैकी बरेच जण मुलाखत द्यायला तयार होते. विदर्भातल्या खेड्यात फिरलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. सावकाराच्या आणि पीककर्जाच्या कागदांनी इथल्या कास्तकाराला अंगठ्याचे मोल चांगलेच शिकवले आहे.

भारतात आरोग्याशी संबंधित सामाजिक संशोधनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे २००० साली तयार झाली, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची तत्त्वे २०००, २००६ व २०१७ अशी क्रमाने येत गेली. २०१७ च्या तत्त्वांनुसार सही किंवा अंगठा देण्यास कोणी राजी नसेल, तर समितीच्या मंजुरीने तोंडी संमती घेता येते. मात्र ती त्रयस्थ साक्षीदारासमोर घ्यायची असते आणि तिचे ध्वनिमुद्रण करून ठेवता येते. घरोघरच्या मोठ्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांत याहून साधी पद्धत रूढ होती: मुलाखतकार निवेदन वाचतो आणि ते वाचल्याची सही स्वतः करतो. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर जाणे थांबले आणि तोच मजकूर फोनवर वाचला जाऊ लागला. फोनवर त्रयस्थ साक्षीदार नसतो, हातात ठेवायचे माहितीपत्रक नसते आणि समोरच्याचा चेहराही दिसत नाही. या तीन उणिवा भरून काढताना आजचा मसुदा घडला.

समजा, हिंगणघाट परिसरातील जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांचा खोकला आणि दम यांविषयीचे सर्वेक्षण आहे. हंगाम कापसाचा, पाळी सुटण्याच्या सुमारास फोन लागतो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, “कोन बोलून राह्यले जी?” जुना, कागदावरून उचललेला मसुदा येथे संस्थेचे लांबलचक नाव आणि अभ्यासाचा हेतू सांगत बसे आणि फोन तेवढ्यात कटत असे. सुधारलेल्या मसुद्याचा क्रम वेगळा असतो: “नमस्कार. मी अमुक संस्थेतून बोलते. तुम्ही आत्ता गाडी चालवत किंवा मशीनजवळ उभे नाही ना? तुमचे वय १८ वर्षे पूर्ण आहे का? आजूबाजूला कोणी ऐकत असेल तर मी नंतर फोन करते.” हे आधी येते, कारण सुरक्षितपणे आणि मोकळेपणाने बोलता येत नसेल तर पुढचे सगळे वाचणे व्यर्थ आहे. कामगारांच्या बाबतीत शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे असते. शेजारी मुनीम किंवा ठेकेदार उभा असेल, तर “धूळ फार होते का?” याचे खरे उत्तर मिळणार नाही, आणि मिळालेच तर ते त्या माणसाला महागात पडू शकते.

त्यानंतर मूळ निवेदन येते: “तुमचा नंबर आम्हाला मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेला नाही. तुम्ही काय सांगितले हे त्यांना कळणार नाही. प्रश्नांना साधारण १५ मिनिटे लागतील. एखादे उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका. मधेच थांबलात तरी चालेल. यातून औषध किंवा योजनेचा लाभ मिळणार नाही. आम्ही बँकेची माहिती, आधार क्रमांक किंवा ओटीपी विचारणार नाही.” यातले मालकाविषयीचे पहिले वाक्य खरे असेल तरच ते वाचता येते. नंबर कारखान्याच्या हजेरीपटावरून घेतले असतील, तर तसे स्पष्ट सांगावे लागते आणि मग नकारही वाढतात. लाभ नसल्याचे वाक्य मात्र काही संशोधकांना आजही खुपते. माझ्या मते ते काढणे ही सरळ फसवणूक आहे. सर्वेक्षण म्हटले की यादीत नाव लागेल, असा समज आपल्याकडे पक्का आहे. ओटीपीचे वाक्य सर्वांत अलीकडचे, फोनवरच्या फसवणुकी वाढल्यानंतर आलेले आहे.

आता प्रश्न नोंदीचा. वाचन चालू असताना पलीकडून “हो जी, हो जी” असे हुंकार येत राहतात आणि घाईतला मुलाखतकार त्यांनाच संमती धरून पुढे जातो. म्हणून मसुद्याच्या शेवटी थांबून दोन वेगळे प्रश्न विचारतात: सुरुवात करू का, आणि हे बोलणे रेकॉर्ड केले तर चालेल का. रेकॉर्डिंगला नकार आणि मुलाखतीला होकार, हे उत्तरही ग्राह्य असते. तेव्हा मुलाखतकार वेळ व तारखेसह आपली नोंद करतो. वाचन नीट झाले नाही हे पर्यवेक्षकाला बहुधा वेळेवरून कळते. मंजूर मजकुराला सावकाश वाचल्यास ८० सेकंद लागत असतील आणि नोंदीत २५ सेकंद दिसत असतील, तर ते रेकॉर्डिंग ऐकायलाच हवे.

माहितीपत्रकाची जागा एसएमएसने घेतली, पण देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरेच मावतात, तर रोमन लिपीत १६०. त्यामुळे त्यात संस्थेचे नाव आणि तक्रारीसाठी समितीचा नंबर एवढेच बसते.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे असे म्हटले. या कायद्यात संशोधनासाठी अटींसह सूट आहे, तरी मसुद्यांत एक नवे वाक्य येऊ लागले: “तुमची माहिती काढून टाकायची असेल तर अमुक तारखेपर्यंत याच नंबरवर कळवा.” तारीख द्यावी लागते, कारण विश्लेषणापूर्वी फोन नंबर उत्तरांपासून वेगळे करून नष्ट केले जातात, आणि त्यानंतर कोणती उत्तरे कोणाची हे खुद्द संशोधकालाही शोधता येत नाही.