बिलांच्या फोटोंचा कारभार: माझ्यानंतर हिशेब बघणाऱ्यासाठी

या महिनाअखेरीस मी दुकान सोडते आहे. रोजकीर्द, बँक आणि पगार यांचे वेगळे काही सांगायला नको, ते टॅलीत दिसतेच. दिसत नाही ते खरेदीच्या बिलांचे. आपले दुकान सांगलीत, गोदाम मिरजेत आणि टेम्पो सतत रस्त्यावर, त्यामुळे बिल माझ्या हातात कागद म्हणून क्वचितच येते. आधी फोटो येतो आणि कागद चार-आठ दिवसांनी हमालाच्या खिशातून घडी होऊन येतो. नोंद फोटोवरूनच करावी लागते, म्हणून पुढचे सगळे फोटोबद्दल आहे.

कोणता फोटो नोंदीस पात्र

व्हॉट्सॲपच्या ‘बिले’ ग्रुपवर जे जे येते ते सगळे बिल नसते. इनपुट क्रेडिट घ्यायचे तर फोटोत कर बीजक हवे: पुरवठादाराचे नाव व जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, मालाची करपूर्व किंमत, कर वेगळा दाखवलेला, आणि आपल्या दुकानाचे नाव आपल्या जीएसटी क्रमांकासह. यातले शेवटचेच नेहमी राहते. काउंटरवर घाईत ‘कॅश’ नावाने बिल फाडले जाते. मग पुरवठादार ते किरकोळ ग्राहकांत दाखवतो आणि पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या पत्रकात, म्हणजे २बी मध्ये, ते कधीच उतरत नाही. असे बिल त्याच आठवड्यात दुरुस्तीला परत पाठवा. पुरवठादाराचे विवरणपत्र एकदा भरून झाले की फोनवर फोन करावे लागतात.

एस्टिमेट, कोटेशन, डिलिव्हरी चलन आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट यांपैकी कशावरही क्रेडिट नाही. कंपोझिशनवाल्याकडून ‘बिल ऑफ सप्लाय’ येते, त्यात कर नसतोच. ते नुसते खरेदीत घ्यायचे. डिझेल जीएसटीबाहेर आहे, चहा-वड्यावरच्या कराचे क्रेडिट कायद्यानेच अडवले आहे. या दोन्हींचे फोटो खर्चाच्या पुराव्यापुरते. आणि बिल आले पण माल आला नाही, तर थांबायचे. गोदामातून ‘माल पोचला’ असे त्याच फोटोखाली उत्तर येईपर्यंत मी क्रेडिटच्या रकान्याला हात लावत नाही. माल हप्त्याहप्त्याने येत असेल तर शेवटचा हप्ता उतरल्यावरच.

फोटो काढणाऱ्यांना मी तीनच गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. बिल सपाट ठेवा, चारही कोपरे दिसू द्या, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो बारीक करते आणि बिल क्रमांकातला ३ की ८ हा प्रश्न तिथेच सुरू होतो. पंपाच्या आणि टोलच्या चिठ्ठ्या थर्मल कागदावर असतात. टेम्पोच्या काचेपाशी राहिल्या तर उन्हाने कोऱ्या होतात, म्हणून त्यांचा फोटो त्याच दिवशी.

नाव देणे

आलेली फाइल `IMG-20251114-WA0007.jpg` अशी असते. यातली तारीख व्हॉट्सॲपची आहे, बिलाची नव्हे. माझ्या आधीच्यांनी वर्षभर फाइली तशाच ठेवल्या होत्या आणि एक बिल शोधायला दुपार जायची. आता प्रत्येक फाइलचे नाव असे असते:

```
2025-11-08_PVC2_0472_18408_1.jpg
```

बिलाची तारीख, पुरवठादाराचा कोड, बिल क्रमांकाचा शेवटचा भाग, बिलाची एकूण रक्कम, पान. तारीख वर्षापासून लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. कोड मालावरून आहेत, `PVC2` म्हणजे पाइपवाल्यांपैकी दुसरा; पूर्ण यादी ‘पुरवठादार’ या शीटमध्ये आहे. बिल क्रमांकात तिरपी रेघ असते, ती विंडोजच्या फाइल-नावात चालत नाही, म्हणून नावात फक्त शेवटचे आकडे आणि शीटमध्ये पूर्ण क्रमांक. मागच्या बाजूला हमालाने ‘२ नग परत’ असे काही खरडले असेल तर ती बाजू पान २.

रक्कम नावात कशाला, असे मालकांनीही विचारले होते. त्याचे उत्तर खाली येते.

मजकूर उतरवणे

फाइल `01_NAV_DILELE` मध्ये गेली की तिच्यातले नऊच रकाने शीटमध्ये उतरवायचे: तारीख, कोड, बिल क्रमांक, जीएसटी क्रमांक, करपूर्व रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी, एकूण. हे ए ते आय रकाने. फोनवरच्या गूगल लेन्सने मजकूर कॉपी होतो आणि छापील बिलावर तो बरा चालतो. पण रकमा मी हाताने टाइप करते. लेन्स स्वल्पविराम आणि टिंब यांची गल्लत करते, आणि कॉपी केलेल्या आकड्याकडे माणूस नीट बघत नाही, हा माझाच अनुभव.

जीएसटी क्रमांक प्रत्येक पुरवठादाराचा एकदाच उतरवायचा, नंतर कोड टाकला की यादीतून आपोआप येतो. त्या एका वेळी मात्र डोळ्यांत तेल घालून. पंधरा अक्षरांची जागा ठरलेली आहे: पहिले दोन आकडे राज्याचे, मग दहा अक्षरांचा पॅन (पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर), मग नोंदणीचा क्रम, चौदावे बहुधा `Z`, शेवटचे तपासणीचे. त्यामुळे पॅनच्या पहिल्या पाचांत `0` दिसला तर तो नक्की `O` आहे, आणि मधल्या चार आकड्यांत `S` दिसला तर तो `5`. उतरवून झाल्यावर जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून नाव जुळते का ते पाहायचे.

सुरुवातीचे दोन आकडे सहज म्हणून बघू नका. आपले २७. बेळगाव-चिकोडीकडून माल आला की २९ येते आणि बिलात आयजीएसटी हवा. २९ च्या बिलात सीजीएसटी-एसजीएसटी लागला असेल तर तो कर कर्नाटकात जमा झाला. आपल्या नोंदणीत त्याचे क्रेडिट मिळत नाही.

एक्सेलची एक खोड: बिल क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ केलेला आहे, तो तसाच राहू द्या. नाहीतर `0472` चे `472` होते आणि `3/11` असा क्रमांक टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. मग २बी शी काही जुळत नाही आणि दोष पुरवठादाराला दिला जातो.

तपासणी

शीटमध्ये शेवटी दोन सूत्रे आहेत. पहिले बेरजेचे, एक रुपयापर्यंतचा फरक सोडणारे. दुसरे दुबार नोंद शोधणारे:

```
=ABS(E2+F2+G2+H2-I2)<=1
=COUNTIFS(A:A,A2,B:B,B2,I:I,I2)>1
```

बेरीज जुळली म्हणजे नोंद बरोबर, असे मी पहिली दोन वर्षे समजत होते. नोव्हेंबरात डोळे उघडले. `PVC2` चे बिल गोदामातून आले, घडी नेमकी बिल क्रमांकावर. मी तो 0412 वाचला. करपूर्व १५,६००, सीजीएसटी १,४०४, एसजीएसटी १,४०४, एकूण १८,४०८. बेरीज जुळली, कर बरोबर १८ टक्के. सहा दिवसांनी टेम्पोवाल्याने त्याच बिलाचा सपाट फोटो पाठवला. त्यात क्रमांक स्वच्छ 0472 होता. वेगळा क्रमांक म्हणजे वेगळे बिल, म्हणून मी तेही टाकले, आणि त्याचीही बेरीज अर्थातच जुळली.

पकडले ते फाइलच्या नावांनी. फोल्डरमध्ये एकाखाली एक, तीच तारीख, तोच कोड, तेच 18408. दुसरे सूत्र मी त्याच दिवशी घातले. लक्षात आले नसते तर २,८०८ रुपयांचे क्रेडिट दोनदा घेतले गेले असते. उलटवावे लागले असतेच, आणि वापरून झाले असते तर १८ टक्क्यांनी व्याजही. सूत्र ‘खरे’ दाखवेल तेव्हा लगेच पुसू नका. एकाच दिवशी सारख्याच रकमेची दोन खरी बिले येतात, विशेषतः सिमेंटची. दोन्ही फोटो शेजारी उघडून बघा.

खरी तपासणी १४ तारखेनंतर, २बी तयार झाल्यावर. शीटमध्ये आहे आणि २बी मध्ये नाही: आधी आपला क्रमांक फोटोशी ताडा, मगच पुरवठादाराला फोन. २बी मध्ये आहे आणि शीटमध्ये नाही: फोटो कुठेतरी अडकलाय, बहुतेक टेम्पोत. अशा बिलावर पोर्टलच्या आयएमएसमध्ये ‘रिजेक्ट’ दाबू नका, ‘पेंडिंग’ ठेवा. काहीच न केल्यास ते मान्य धरले जाते, हेही ध्यानात असू द्या. उशिरा सापडलेल्या बिलाला वाव आहे: २०२५-२६ च्या बिलाचे क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत घेता येते, वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तोपर्यंतच. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे गेले नाहीत तर घेतलेले क्रेडिट उलटवावे लागते; पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येते.

साठवण

तपासलेली फाइल `02_TAPASLELE` मध्ये, आर्थिक वर्ष आणि बिलाचा महिना अशा फोल्डरांत. प्रत संगणकावर, दुकानाच्या ड्राइव्हवर आणि मालकांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर; डिस्कवरची दर महिन्याच्या २० तारखेला, ३बी विवरणपत्र भरून झाले की. ड्राइव्ह आधी माझ्या खात्यावर होते, ते आता दुकानाच्या खात्यावर हलवले आहे.

फोटो आहे म्हणून कागद फेकायचा नाही. तो त्याच क्रमाने बॉक्स फाइलमध्ये लावायचा, थर्मल असेल तर झेरॉक्स टाचून. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२४-२५ ची मुदत ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे ती बिले ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून पुढे. माळ्यावरची जुनी खोकी रद्दीवाल्याला देण्याआधी सीएंना विचारा.

आज `03_ADAKLELE` मध्ये तीन फाइली सोडून जाते आहे. एकीत आपला जीएसटी क्रमांक चुकलाय, दुरुस्त बिल यायचे आहे. दुसरीचा माल अर्धाच उतरलाय. तिसरीत मोटारीच्या बिलाची रक्कमच फाटली आहे. पुरवठादाराला फोन मालक स्वतः करणार आहेत, कारण मागची बाकी त्यांच्यातच अडली आहे.