जुनी मुद्राचित्रे व त्यांच्या प्रतिकृती

कागद, पत्र्याचा दाब आणि छपाईची पद्धत यांच्या आधारे अस्सल जुने मुद्राचित्र आणि त्याची आधुनिक प्रतिकृती यांतील फरक ओळखता येतो. खानदेशातील जुन्या वाड्यांत प्रामुख्याने रविवर्मा प्रेसची देवादिकांची रंगीत चित्रे आढळतात. युरोपीय ग्रंथांतून सुटलेले, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले नकाशे त्या मानाने दुर्मिळ. हे दोन प्रकार वेगवेगळ्या पद्धतींनी छापलेले असल्यामुळे एकाची कसोटी दुसऱ्याला लावता येत नाही, आणि बहुतेक चुकीचे निष्कर्ष याच गोंधळातून निघतात.

तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यांत शाई भरतात, पृष्ठभाग पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर ठेवून रुळाखाली दाबतात. त्यामुळे कागदावर शाई किंचित उंच बसते आणि पत्र्याच्या कडांचा खोलगट आयत चित्राभोवती उमटतो. दिव्याचा प्रकाश बाजूने पाडला असता हा दाब स्पष्ट दिसतो. जेम्स रेनेलने १७८२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या नकाशासारख्या कोरीव नकाशांत अशीच छपाई आहे. तथापि, पुस्तकबांधणीत किंवा चौकटीत बसवताना कडा कापल्या गेल्या असतील तर अस्सल प्रतीवरही दाब सापडत नाही. उलट कोऱ्या पत्र्याने दाबून खोटा दाब उठवणेही अवघड नाही. म्हणून त्याच्या जोडीने रेषांचा उंचवटा पाहावा : दाब खोटा असला तर आतील रेषा बहुधा सपाट राहतात.

रविवर्मा प्रेसची चित्रे शिलामुद्रणाची आहेत. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला. शिळा सपाट असते, त्यामुळे या चित्रांवर पत्र्याचा दाब नसणे हेच स्वाभाविक आहे. तो असल्याचे कोणी कौतुकाने दाखवू लागले तर शंका घ्यावी.

कमळावर उभ्या असलेल्या लक्ष्मीच्या चित्राची एखादी प्रत अमळनेरच्या वाड्यातून आली आहे असे धरू. प्रथम चित्र चौकटीतून बाहेर काढावे, कारण काचेवरून केलेली परीक्षा फारशी उपयोगाची नसते. मग दहापट मोठे दाखवणारे भिंग देवीच्या गालावर धरावे. अस्सल प्रतीत त्वचेची छटा कारागिराने शिळेवर हाताने दिलेल्या लहानमोठ्या, अनियमित ठिपक्यांची असते. ऑफसेट प्रतिकृतीत निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार रंगांचे ठिपके ठराविक अंतरावर बसून फुलांसारखी जाळी करतात, तर इंकजेट छपाईत रंगाचे बारीक तुषार विखुरलेले दिसतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरली जात असल्याने जुन्या प्रतीत कडेला एखादा रंग रेषेबाहेर सरकलेला असू शकतो.

त्यानंतर तळाशी छापलेले छापखान्याचे नाव भिंगाखाली वाचावे. मूळ प्रतीत अक्षरे एकाच शाईची व सलग असतात. चित्राचा फोटो काढून छापलेल्या प्रतीत तीच अक्षरे ठिपक्यांत फुटतात किंवा त्यांच्या कडांना दुसऱ्या रंगाची झालर येते. ही कसोटी फार सोपी असूनही बहुधा कोणी वापरत नाही. मात्र प्रतिकृती करणाऱ्याने अक्षरे स्वतंत्रपणे काळ्या शाईत छापली असतील तर ती निरुपयोगी ठरते. शिवाय छापखान्याचे नाव चित्राचे नेमके वर्ष सांगत नाही, कारण लोकप्रिय चित्रे तेथे पुढेही वारंवार छापली गेली.

कागदाची साक्ष शेवटी घ्यावी. खानदेशातील उन्हाळ्यात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काही वर्षांतच पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून तपकिरी रंग हा वयाचा पुरावा नव्हे. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच डागाळतो. खऱ्या जुन्या प्रतीत चौकटीच्या पट्टीखाली झाकलेला भाग बहुधा फिकट राहिलेला असतो. अंधारात अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात शुभ्रता वाढवणारे रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० च्या सुमारापासून वापरात आले. अर्थात पुढे धुऊन दुरुस्त केलेल्या कागदात हे रसायन साबणातूनही शिरलेले असू शकते. नकाशाचा कागद उजेडासमोर धरल्यास समांतर रेषांची वीण किंवा जलचिन्ह दिसू शकते. पण ते केवळ कागदाचे वय सांगते, कारण जुन्या ग्रंथांतील कोऱ्या पानांवर नव्याने छापता येते.

जुनाच मूळ पत्रा वापरून नंतर काढलेल्या प्रतींत दाबही खरा असतो आणि शाईचा उंचवटाही. तेथे झिजलेल्या, फिकट रेषा आणि छापलेल्या काळाशी न जुळणारा कागद एवढाच आधार उरतो.