न्यायवैद्यक कीटकशास्त्र : अळीच्या वयावरून मृत्यूची वेळ

मृतदेहावर वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्यांचे वय काढून मृत्यू किमान किती काळापूर्वी झाला असावा हे ठरवण्याची पद्धत. पहिल्या दोन-एक दिवसांत शरीराचे उतरलेले तापमान आणि अंगाचा ताठरपणा यांवरून डॉक्टर वेळेचा अंदाज बांधतात. पुढे या खुणा निकामी होतात आणि मग बहुतेक वेळा अळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

या कामाची मुख्य माशी म्हणजे कॅलिफोरिडी कुळातली, अंगावर हिरवी किंवा निळी धातूसारखी चकाकी असलेली, घरमाशीहून जरा मोठी माशी. युरोपात कॅलिफोरा, जगभर ल्युसिलिया, तर भारतासारख्या उष्ण प्रदेशात क्रायसोमाया या प्रजातीच्या माश्या प्रामुख्याने आढळतात. उघड्यावरच्या प्रेतापाशी दिवसाउजेडी ती फार लवकर पोचते आणि डोळे, नाकपुड्या, तोंड, जखमा अशा ओलसर जागी अंडी घालते. अंड्यातून अळी निघते, ती दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. पोट भरले की ती प्रेत सोडून कोरड्या जागी जाते, मातीत शिरून कोष करते, आणि कोषातून माशी बाहेर पडते.

अवस्था ओळखायला लांबी पुरेशी नाही, कारण उपाशी अळी लहानच राहते. अळीचे तोंडाकडचे टोक निमुळते आणि मागचे बोथट असते. त्या बोथट टोकावर दोन तपकिरी ठिपके दिसतात. नवखा माणूस त्यांना डोळे समजतो, पण ती श्वासरंध्रे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ठिपक्यातल्या फटी मोजायच्या : पहिल्या अवस्थेत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन.

अळी किती वेगाने वाढते हे भोवतालच्या उष्णतेवर ठरते. एका ठरावीक तापमानाखाली वाढ जवळजवळ थांबते, त्याला उंबरठा तापमान म्हणतात. त्याच्या वर जितके अंश, तितक्या प्रमाणात वाढ जलद. म्हणून दर तासाला उंबरठ्याच्या वर किती अंश होते ते मांडून बेरीज करतात. ही बेरीज म्हणजे संचित अंश-तास (एडीएच). एखादी अवस्था गाठायला लागणारे अंश-तास त्या जातीपुरते साधारण ठरलेले असतात, मग ते थंडीत सावकाश जमोत की उन्हाळ्यात भराभर.

हिशेब कसा चालतो हे एका कल्पित प्रकरणावरून पाहू. समजा, १४ सप्टेंबरला सकाळी १० वाजता सावलीत पडलेले प्रेत सापडले. त्यावरच्या सर्वांत मोठ्या अळ्या ल्युसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीच्या असून त्यांनी नुकतीच दुसऱ्यांदा कात टाकलेली आहे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या, कमाल नावाच्या संशोधकाच्या तक्त्यानुसार २६.७ अंश सेल्सिअसला या माशीचे अंडे १८ तास, पहिली अवस्था २० तास आणि दुसरी १२ तास टिकते, म्हणजे एकूण ५० तास. उंबरठा १० अंश धरला, तर ५० गुणिले १६.७ म्हणजे ८३५ अंश-तास लागतात.

आता सापडल्याच्या वेळेपासून मागे जायचे. १४ तारखेच्या पहिल्या दहा तासांचे सरासरी तापमान २२ अंश, म्हणून १२ गुणिले १०, म्हणजे १२०. १३ तारखेची सरासरी २५ अंश, म्हणून १५ गुणिले २४, म्हणजे ३६०. एकूण ४८० झाले, ३५५ उरले. १२ तारखेची सरासरी २६, म्हणजे तासाला १६ जमतात. ३५५ भरायला साधारण २२ तास लागतात. उत्तर येते १२ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमाराचे.

पण या माश्या अंधारात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणजे अंडी एकतर ११ तारखेच्या संध्याकाळी घातली गेली, नाहीतर १२ तारखेला उजाडल्यावर. दुसऱ्या शक्यतेत सुमारे चार तास कमी पडतात. पण एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतल्या अळ्यांतही इतका फरक सहज पडतो. त्यामुळे ११ची संध्याकाळ ते १२ची सकाळ असेच उत्तर द्यावे लागते. पहाटे १ वाजून ४८ मिनिटे असे कुणी लिहिले, तर तो गणिताचा दिखाऊ नेमकेपणा समजावा.

यातून निघतो तो मृत्यूनंतरचा किमान काळ. घड्याळ सुरू होते माशी प्रेतापर्यंत पोचल्यावर. प्रेत बंद खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा चादरीत गुंडाळलेले असेल, तर मधला वेळ अळीला ठाऊक नसतो. मुंबईत जन्मलेल्या आणि लँकेस्टरमध्ये डॉक्टरी करणाऱ्या बक रक्स्टनच्या खटल्यात हे चांगले दिसते. त्याची पत्नी आणि घरातली मोलकरीण सप्टेंबर १९३५च्या मध्यापासून दिसेनाशा झाल्या होत्या. २९ सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळच्या एका घळीत दोन प्रेतांचे तुकडे सापडले. ग्लासगो विद्यापीठातले अलेक्झांडर मर्न्स यांनी अळ्यांचे वय १२ ते १४ दिवस सांगितले. मागे मोजले तर तारीख येते १५ ते १७ सप्टेंबर. काटेकोरपणे ही तारीख प्रेते माश्यांच्या तावडीत आल्याची आहे, खुनाची नव्हे. पण ती बाकी पुराव्याशी जुळली. रक्स्टनला मे १९३६मध्ये फाशी झाली.

सर्वांत जास्त चूक होते ती तापमानात. हवामान केंद्र प्रेताच्या जागेपासून लांब असते आणि झाडाखालची सावली उघड्या मैदानासारखी तापत नाही. म्हणून घटनास्थळी काही दिवस तापमाननोंदक ठेवून त्याचे आकडे केंद्राच्या आकड्यांशी ताडतात आणि मागच्या दिवसांना तीच दुरुस्ती लावतात. अळ्यांचा मोठा घोळका झाला की तो स्वतःच तापतो, हवेपेक्षा दहा-वीस अंशांनीही. अशा वेळी नुसत्या हवेचे तापमान धरले तर अळीचे वय वाजवीपेक्षा जास्त निघते. वरच्या टोकालाही मर्यादा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा जास्त उष्णता म्हणजे जास्त वाढ हे सरळ नाते तुटते आणि साधी बेरीज फसवते.

आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे क्रायसोमाया रुफिफेसिस. हिच्या काटेरी दिसणाऱ्या अळ्या वेळप्रसंगी इतर अळ्यांना खातात. आधी आलेल्या माश्यांची पिल्लावळ अशी फस्त झाली, तर उरतो तो नंतरचा पुरावा. तसेच सर्वांत जुन्या अळ्या प्रेत सोडून गेलेल्या असू शकतात, म्हणून भोवतालची काही मीटर माती वरवर खणून कोष आणि रिकामी टरफले शोधावी लागतात. पंचनाम्याच्या वेळी माती तपासली नाही, तर अंदाज कित्येक दिवसांनी तोकडा पडू शकतो.

नमुने घेताना अर्ध्या अळ्या गरम पाण्यात बुडवून मारतात आणि ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आक्रसते आणि लांबी कमी भरते. उरलेल्या अर्ध्या जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवतात, कारण कोवळ्या अळीवरून जात ओळखणे अवघड असते आणि जात चुकली तर तक्ताही चुकतो. प्रेत शवागारात हलवल्याची वेळही लिहून ठेवावी लागते. थंडीत सुट्या अळ्यांची वाढ थांबते, पण प्रेताच्या आत दाटून बसलेल्या घोळक्याची काही काळ चालूच राहते, म्हणून शवागारातले तास नुसते वगळूनही चालत नाही.