नीटमध्ये अंदाज कधी लावायचा: खोडलेला पर्याय आणि नकोसा वाटलेला पर्याय

नीटची तयारी करणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारते. पेपरमध्ये चारपैकी दोन पर्याय खोडलेत, उरलेल्या दोघांत अडकलाय, तर काय कराल? बहुतेक जण म्हणतात, ‘ठोकून देऊ.’ हिशोबाने ते बरोबर आहे. पण ते दोन पर्याय खोडले कशावरून, असं विचारलं की निम्मे जण थांबतात. कोणी सांगतं, ‘हा शब्द कधी वाचलेला आठवत नाही.’ कोणी म्हणतं, ‘हा तसा वाटत नाही.’ म्हणजे पर्याय माहितीच्या जोरावर खोडलेला नसतो, फक्त नकोसा वाटलेला असतो. कागदावर दोन्हींवर सारखीच काट दिसते. गुणपत्रिकेवर मात्र दोन्हींचा परिणाम अगदी वेगळा असतो.

आधी हिशोब बघू, कारण तो बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटा बसलेला असतो. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला उणे १, सोडलेल्याला शून्य. ‘एक चूक झाली की पाच गुण गेले’ हे वाक्य मुलं येताजाता म्हणतात. बरोबर येऊ शकणारा प्रश्न घाईत चुकला तर ते खरं आहे. पण जो प्रश्न तुम्ही नाहीतरी सोडणारच होता, त्याच्या बाबतीत तुलना शून्याशी होते आणि चुकलं तर एकच गुण जातो. सोडायचं की लावायचं हे ठरवताना पाचाचा आकडा डोक्यात ठेवला, तर लावण्यासारखे प्रश्नही भीतीने कोरे राहतात.

एका बरोबर उत्तराने चार चुका भरून निघतात. म्हणजे पाच अंदाजांत एक बरोबर आला की नफा नाही, तोटाही नाही. खरोखर डोळे मिटून लावलं तर चारांत एक बरोबर येण्याची शक्यता असते, आणि ती पाचांत एकपेक्षा जास्तच आहे. त्यामुळे निव्वळ तुक्क्यातूनही सरासरीने प्रश्नामागे पाव गुण मिळतो. एक पर्याय पक्का खोडला तर सरासरी साधारण दोन तृतीयांश गुणावर जाते आणि दोन पक्के खोडले तर दीड गुणावर.

पाव गुण ऐकून हुरळून जाऊ नये. वीस प्रश्न असे ठोकले तर सरासरीने ५ गुण मिळतात, पण ही सरासरी आहे. वीसपैकी तीन किंवा त्याहून कमी बरोबर येऊन उलट गुण जाण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही तोटा मोठा होत नाही आणि नफ्याची बाजू वरचढ राहते. मग निगेटिव्ह मार्किंगमध्ये मुलांचे गुण नक्की जातात कुठे?

माझ्या मते ते जातात अर्धवट आठवणाऱ्या प्रश्नांत. एक प्रश्न जवळून बघा.

‘अर्धसूत्री विभाजनात क्रॉसिंग ओव्हर कोणत्या अवस्थेत होते?’ पर्याय: (१) लेप्टोटीन (२) झायगोटीन (३) पॅकिटीन (४) डिप्लोटीन.

पहिली मुलगी असा विचार करते. क्रॉसिंग ओव्हरसाठी समजात गुणसूत्रांची जोडी आधी जमलेली हवी. लेप्टोटीनमध्ये गुणसूत्रं नुकती दिसू लागतात, जोडी जमलेलीच नसते, म्हणून (१) बाद. झायगोटीनमध्ये जोडी जमण्याचं काम चालू असतं, म्हणून (२) बाद. उरले दोन. तिला पुढचं नक्की आठवत नाही. पण इथे दोन पर्याय खोडण्यामागे एकेक कारण आहे आणि ते तिला एका वाक्यात सांगता येतं. तिने लावायलाच हवं.

दुसऱ्या मुलाला एवढंच आठवतं की क्रॉसिंग ओव्हरजवळ ‘कायझ्मा’ हा शब्द होता आणि कायझ्मा डिप्लोटीनमध्ये दिसतात. त्याला (४) ओळखीचा वाटतो आणि बाकीचे तीन आपोआप फिके पडतात. तो तिन्ही खोडतो आणि खात्रीने (४) चा गोल काळा करतो. उत्तर पॅकिटीन आहे. अदलाबदल तिथे होऊन जाते. डिप्लोटीनमध्ये जोडीतली गुणसूत्रं एकमेकांपासून दूर सरकू लागतात आणि जिथे अदलाबदल झाली त्या जागी ती अडकलेली दिसतात, त्यांना कायझ्मा म्हणतात. म्हणजे डिप्लोटीनमध्ये दिसतो तो आधी घडलेल्या गोष्टीचा पुरावा.

(४) हा पर्याय तिथे सहज येऊन बसलेला नाही. पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं की धडा एकदा वाचलेल्या मुलाच्या डोक्यात क्रॉसिंग ओव्हर, कायझ्मा आणि डिप्लोटीन असं गाठोडं बांधलं गेलेलं असतं. चांगल्या प्रश्नातला चुकीचा पर्याय हा अर्धवट आठवणाऱ्यासाठीच लिहिलेला असतो. त्यामुळे ज्याला विषयाचा गंधही नाही त्याला चारांत एक संधी मिळते, पण अर्धवट आठवणाऱ्याची संधी पाचांत एकच्याही खाली जाऊ शकते. सोडणं खरं फायद्याचं ठरतं ते इथे. हे मुलांना पटवून देणं अवघड जातं, कारण अशा प्रश्नात त्यांना आत्मविश्वास वाटत असतो आणि कधीच न वाचलेल्या प्रश्नात भीती वाटते.

दोन्हींतला फरक पेपर चालू असतानाच ओळखायचा तर एकच कसोटी आहे: खोडलेल्या पर्यायापुढे ‘कारण’ हा शब्द लावून वाक्य पूर्ण करता येतं का? ‘लेप्टोटीन नाही, कारण तेव्हा जोडी जमलेली नसते’ हे चालतं. ‘लेप्टोटीन नाही, कारण डिप्लोटीन जास्त जवळचं वाटतं’ हे चालत नाही, कारण त्यात लेप्टोटीनबद्दल काहीच सांगितलेलं नाही. पर्याय त्याच्या स्वतःच्या दोषाने बाद व्हायला हवा. दुसरा पर्याय आवडला म्हणून तो बाद होत नाही.

काही प्रश्नांची रचनाच अशी असते की खरं खोडणं सोपं जातं. दोन विधानांचे प्रश्न घ्या. विधान १: मानवी लाल रक्तपेशींचं सरासरी आयुष्य १२० दिवस असतं. विधान २: पांढऱ्या रक्तपेशींत इओसिनोफिलचं प्रमाण २ ते ३ टक्के असतं. पर्याय नेहमीचे: दोन्ही बरोबर, दोन्ही चूक, पहिलं बरोबर दुसरं चूक, पहिलं चूक दुसरं बरोबर. पहिलं विधान बरोबर आहे हे पक्कं माहीत असेल, तर दुसऱ्याबद्दल काहीही माहीत नसताना दोन पर्याय गेले. हा दीड गुणाचा प्रश्न आहे आणि तो कोरा सोडणं म्हणजे हक्काचे गुण टाकून देणं. जोड्या लावा प्रकारातही एक पक्की जोडी बहुतेकदा दोन पर्याय उडवते. मात्र ‘खालीलपैकी किती विधाने बरोबर आहेत’ असा प्रश्न असेल तर एखादं विधान माहीत असून फारसा उपयोग होत नाही. पाचपैकी तीन विधानं पक्की आणि दोन अधांतरी असतील तर बहुतेक पर्याय जिवंतच राहतात.

भौतिकशास्त्रात फसगत वेगळ्या वाटेने होते. गणित सोडवलं आणि आलेलं उत्तर पर्यायांत सापडलं की मुलं निश्चिंत होतात. पण नेहमीची चूक केल्यावर जे उत्तर येतं, उदाहरणार्थ व्यासाच्या जागी त्रिज्या घातली किंवा वर्ग करायचा राहिला, तेही पर्यायांत ठेवलेलं असू शकतं. याउलट गणित अजिबात जमत नसेल, पण एखाद्या पर्यायाची मिती जुळत नसेल, किंवा घर्षण शून्य केल्यावर तो अशक्य उत्तर देत असेल, तर ते खरं खोडणं आहे.

तुमचं ‘वाटणं’ कितपत भरवशाचं आहे, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही. ते मॉक टेस्टमध्ये मोजावं लागतं. प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाशेजारी एक अक्षर लिहा: पक्कं येत असेल तर ‘प’, कारण देऊन पर्याय खोडून लावला तर ‘क’, नुसतं वाटलं म्हणून लावला तर ‘व’. अक्षर उत्तर लावतानाच लिहायचं, निकाल बघून नाही, नाहीतर बरोबर आलेले सगळे ‘व’ नकळत ‘क’ होतात. मग प्रत्येक गटाचा हिशोब वेगळा करायचा. समजा चार-पाच मॉक मिळून ‘क’ गटात २४ प्रश्न आणि १४ बरोबर: ५६ वजा १०, म्हणजे ४६ गुणांची कमाई. ‘व’ गटात ३० प्रश्न आणि ५ बरोबर: २० वजा २५, म्हणजे ५ गुणांचा तोटा. या मुलाने ‘व’ सोडून द्यायला हवेत. दुसऱ्या कोणाला ‘व’ गटात ३० पैकी १० बरोबर येत असतील, तर त्याने ते बिनधास्त लावावेत, त्याची आठवण त्याला साथ देते आहे. एका मॉकमधल्या सात-आठ प्रश्नांवरून मात्र निष्कर्ष काढू नका, तेवढ्यात नशीबच बोलत असतं. आणि विषयवार वेगळं बघा. जीवशास्त्रात ‘व’ फायद्याचा आणि रसायनशास्त्रात तोट्याचा, असं अनेकांचं निघतं.

उरले ते प्रश्न जे धडाच वाचलेला नाही म्हणून येत नाहीत. त्यावर वेळ घालवू नका. १८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत आणि त्यात गोल काळे करण्याचाही वेळ धरलेला आहे. असे प्रश्न लावायचेच असतील तर एक पर्याय क्रमांक घरूनच ठरवून जा आणि सगळीकडे तोच लावा. प्रश्न वाचून ‘जरा बरा’ पर्याय शोधू लागलात की तुम्ही पुन्हा सापळ्याच्या दिशेने जाता आणि चारांत एकची संधीही हातची जाते. हे काम दुसऱ्या फेरीत, ‘क’ प्रश्न संपल्यावरच करा, कारण ओएमआरवर पेनाने काळा केलेला गोल परत घेता येत नाही. एका प्रश्नाला दोन गोल काळे झाले तर ते चुकीचंच उत्तर धरलं जातं.

आणि फार्मसीसाठी एमएचटी-सीईटीही देणार असाल, तर यातलं सोडण्याचं सगळं गणित त्या दिवशी बाजूला ठेवा. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. ‘व’ असो की निव्वळ तुक्का, एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. खोडण्यामागचं कारण मात्र तिथेही शोधायचंच, दोनांत एक आणि चारांत एक यातला फरक तिथेही तेवढाच आहे.