बेरीज जुळत नाही: पूर्णांकनाचा फरक की खरी चूक?

२०११ च्या जनगणनेतला धर्मनिहाय लोकसंख्येचा तक्ता घ्या आणि भारताच्या ओळीतल्या टक्केवाऱ्या कॅल्क्युलेटरवर मिळवून बघा. हिंदू ७९.८०, मुस्लिम १४.२३, ख्रिश्चन २.३०, शीख १.७२, बौद्ध ०.७०, जैन ०.३७, इतर धर्म ०.६६ आणि धर्म न नोंदवलेले ०.२४. बेरीज येते १००.०२. दोन शतांश जास्त.

अशा वेळी लोक दोन टोकांना जातात. कुणी म्हणतं तक्ता चुकलाय, कुणी म्हणतं "राउंड ऑफचा फरक आहे, सोडा". दुसरं वाक्य मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण त्याखाली काहीही लपवता येतं. पूर्णांकनाचा फरक आणि खरी चूक वरवर सारखेच दिसतात, पण दोघांची वागणूक वेगळी असते आणि ती तपासता येते.

आधी पूर्णांकनाचं बघू. आकडा जवळच्या एककात आणताना जास्तीत जास्त अर्ध्या एककाचा फरक पडतो, कधी वर, कधी खाली. त्यामुळे दहा ओळींचा तक्ता पाच एककांहून जास्त सरकूच शकत नाही. खालची बेरीजही पूर्णांकित असेल तर तिचं अर्धं एकक आणखी धरायचं, म्हणजे साडेपाच. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात वर-खाली एकमेकांना बरंच खाऊन टाकतात, म्हणून नेहमीचा फरक याहून खूप लहान असतो. तो काढायची सोपी रीत अशी: पूर्णांकित आकड्यांची संख्या (ओळी, शिवाय पूर्णांकित असेल तर बेरीज) १२ ने भागा आणि वर्गमूळ काढा. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा तक्ता असेल तर ३७ भागिले १२, वर्गमूळ साधारण १.८. एक-दोन एककांचा फरक तिथे रोजचाच, पण साडेतीनच्या पुढे गेला, म्हणजे या आकड्याच्या दुपटीपलीकडे, की थांबायचं. कमाल मर्यादा १८.५ असली तरी तिथवर वाट बघू नये.

खऱ्या चुकीला अशी मर्यादा नसते. एखादी ओळ राहिली, आकडा दोनदा धरला, अंक उलटे पडले, तर फरक कितीही येऊ शकतो.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अहवालात खर्चाची १४ शीर्षं होती, सगळी हजार रुपयांत. शीर्षांची बेरीज खाली छापलेल्या एकूण खर्चापेक्षा ९ ने जास्त येत होती. खजिनदार काका म्हणाले, "अहो, हजारात आणलंय, थोडंफार होणारच." पण १४ ओळी आणि एक बेरीज धरून मर्यादा साडेसात येते आणि सगळे आकडे पूर्ण असल्यामुळे फरक फार तर ७. नऊ पूर्णांकनातून येणं शक्यच नव्हतं. शिवाय फरकाला ९ ने नि:शेष भाग जातोय म्हटलं की हिशेब बघणाऱ्याला पहिला संशय उलट्या अंकांचा येतो. वॉचमनच्या पगाराची ओळ वहीशी ताडून बघितली. वहीत ५६, अहवालात ६५.

आता जनगणनेकडे परत. तिथे १०० हा आकडा पूर्णांकित नाही, म्हणून फक्त ८ ओळी धरायच्या. कमाल मर्यादा चार शतांश, नेहमीचा फरक सुमारे ०.८ शतांश, त्याची दुप्पट १.६. आपला फरक २. म्हणजे शक्य आहे, पण असा प्रसंग वीस तक्त्यांत एखादाच. इथे अंदाज पुरत नाही, मूळ संख्या काढाव्या लागतात. त्या जनगणनेनेच दिल्या आहेत: एकूण १,२१,०८,५४,९७७, त्यात मुस्लिम १७,२२,४५,१५८, इतर धर्म ७९,३७,७३४, वगैरे. आठही संख्यांची बेरीज एकूण लोकसंख्येशी शेवटच्या माणसापर्यंत जुळते. मग टक्केवारी चार दशांशांपर्यंत काढली की गोष्ट उघड होते. मुस्लिम १४.२२५१, ते १४.२३ झाले. इतर धर्म ०.६५५५, ते ०.६६. न नोंदवलेले ०.२३६८, ते ०.२४. आठांपैकी सात आकडे वर गेले, खाली गेला तो एकटा शीखांचा (१.७२०५ चा १.७२), तोही नावापुरता. सगळे सरकलेले तुकडे मिळवले तर बरोबर ०.०२ भरतात. निव्वळ योगायोग, चूक कुठेच नाही.

एक्सेलमध्ये मूळ दशांश हाताशी असतील तर हीच तपासणी एका ओळीत होते. आकडे B2 ते B15 मध्ये आहेत असं समजा:

```
=SUMPRODUCT(ROUND(B2:B15,0))-ROUND(SUM(B2:B15),0)
```

उत्तर छापलेल्या फरकाइतकंच आलं तर तो सगळा पूर्णांकनाचा. वेगळं आलं तर उरलेला भाग चुकीचा. एक खोडी मात्र लक्षात ठेवा: सेलचं फॉरमॅट बदलून दशांश लपवले तरी ते आत जिवंत असतात. पडद्यावर पूर्ण आकडे दिसतात, बेरीज होते ती लपलेल्या दशांशांची.

पूर्णांकन आणि खरी चूक यांच्या मधला एक प्रकार आहे, आणि आकडे एकाच दिशेने सरकत जातात ते इथेच. आकडे जवळच्या एककात न आणता नुसते दशांश छाटले, म्हणजे `ROUND` ऐवजी `INT` किंवा `ROUNDDOWN` वापरलं, तर (आकडे धन असताना) प्रत्येक ओळ खालीच जाते आणि कोणी कोणाला खात नाही. १४ ओळींत सरासरी सात एककांची तूट पडते. ओळखायची खूण म्हणजे दिशा. एका महिन्याचा तक्ता कमी भरला तर काही कळत नाही, पण बाराही महिने कमीच भरत असतील, तर कुठेतरी छाटणी चालू आहे.

व्हँकुव्हर शेअर बाजारात हेच घडलं. जानेवारी १९८२ मध्ये तिथला नवा निर्देशांक १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजला जाई आणि तीन दशांशांनंतरचं छाटलं जाई. दर वेळी जेमतेम अर्धा सहस्रांश जायचा, पण दिवसातून हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ मध्ये पडद्यावर ५२४.८११ दिसत होता. दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला.

फरक सापडला की तो सगळ्यात मोठ्या ओळीत गुपचूप ढकलायची सवय अनेक कार्यालयांत आहे. मला ती पटत नाही, कारण पुढच्या माणसाला तपासायला काही उरतच नाही. तक्त्याखाली "पूर्णांकनामुळे बेरीज जुळेलच असे नाही" ही टीप बरी, पण तीही मर्यादा तपासून झाल्यावरच लिहावी. आणि फरक शून्य आला म्हणून तक्ता बरोबर ठरत नाही. ४१ च्या जागी ४२ पडला आणि पूर्णांकनाने एक खाली ओढला, तर बेरीज अगदी नीट जुळते. ती चूक या तपासणीत सापडत नाही, वहीच उघडावी लागते.